विश्लेषण : दात आंबतात, हिरड्यांतून रक्त येते… टूथपेस्ट आणि ब्रशच्या खोक्यावर नेमके काय वाचावे?

‘दातांना थंड लागतं, एखादी चांगली पेस्ट द्या’ आणि ‘हिरडीतून रक्त येतं, एखादी चांगली पेस्ट द्या’ या दोन्ही मागण्यांना औषधाच्या दुकानात बहुतेक वेळा एकाच फळीवरून उत्तर मिळते. खोक्यावर ‘सेन्सिटिव्ह’, ‘गम केअर’, ‘टोटल’, ‘हर्बल’ असे काहीबाही लिहिलेले असते आणि किंमत नेहमीच्या पेस्टच्या दुप्पट-तिप्पट. या दोन तक्रारींची कारणे मात्र वेगळी आहेत आणि त्यांवर चालणारे घटकही वेगळे आहेत. कोणती पेस्ट कशासाठी, हे खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांतून बरेचसे कळू शकते. ब्रशच्या बाबतीत तेवढेही छापलेले नसते, तिथे थोडे निरखून पाहावे लागते.

दाताला सणक का जाते?

दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कठीण कवच असते. त्याच्या आत डेंटिन. डेंटिन भरीव दिसले तरी त्यात आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो आणि नळ्यांचे आतले टोक दाताच्या नसेपाशी पोहोचते. एनॅमल शाबूत आणि हिरडी जागेवर असेल तोवर या नळ्यांची बाहेरची तोंडे झाकलेली असतात. हिरडी खाली सरकली की मुळाचा भाग उघडा पडतो. तिथे एनॅमल नसतेच, जे पातळ आवरण असते ते लवकर झिजते आणि नळ्या उघड्या पडतात. मग थंड पाणी, गार हवा किंवा गोड पदार्थ लागला की नळीतला द्रव हलतो आणि ती हालचाल नसेला कळते. स्वीडनचे दंतसंशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी पुढे आणलेले हे स्पष्टीकरण आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

म्हणजे सणक थांबवण्याचे दोनच मार्ग उरतात. नसेची संवेदना मंद करायची किंवा नळ्यांची तोंडे बुजवायची. बाजारातली प्रत्येक ‘सेन्सिटिव्ह’ पेस्ट या दोनपैकी एक काम करते, काही दोन्ही करतात आणि काही दोन्हीपैकी एकही करत नाहीत.

एक नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. नाशिकमधला ४६ वर्षांचा बँक कर्मचारी. उसाचा रस किंवा फ्रिजमधले पाणी प्यायले की वरच्या डाव्या बाजूच्या सुळ्यात आणि त्यामागच्या दोन दाढांत सणक जाते, क्षणभर टिकते आणि थांबते. आरशात नीट पाहिले तर त्या दातांच्या मानेशी, हिरडीला लागून, नखाने लागेल अशी खाच आहे. तो उजव्या हाताने ब्रश करतो आणि उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बहुधा डाव्या बाजूच्या याच वळणावर पडतो. ब्रश ‘हार्ड’, कारण ‘मऊ ब्रशने दात घासल्यासारखे वाटतच नाहीत’. पेस्ट दात पांढरे करणारी. शिवाय खालच्या पुढच्या दातांच्या मागे पिवळट किटण साचले आहे आणि तिथे घासताना थुंकीत रक्त दिसते, म्हणून गेले काही महिने तो त्या जागी ब्रश हलकाच फिरवून सोडून देतो. याने दुकानात जाऊन काय घ्यावे?

संवेदनशील दातांच्या पेस्टमध्ये कोणते घटक असतात?

सर्वांत जास्त आढळणारा घटक म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, प्रमाण ५ टक्के. हा नसेची संवेदना मंद करणाऱ्या गटातला. पोटॅशियम नळ्यांमधून आत झिरपून नसेपाशी साठते आणि नस पूर्वीइतक्या सहज उद्दीपित होत नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र. हा परिणाम हळूहळू साठत जातो, म्हणून दिवसातून दोनदा असे दोन ते चार आठवडे नेमाने वापरल्याशिवाय निकाल ठरवता येत नाही. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून पेस्ट बदलणारे आणि बरे वाटताच जुन्या पेस्टकडे परतून पुन्हा तक्रार करणारे, दोघेही इथेच चुकतात. वापर थांबला की परिणामही ओसरतो, कारण नळ्या उघड्याच असतात. एक गोष्ट खोक्यावर कधीच लिहिलेली नसते. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६च्या आढाव्यात पोटॅशियमच्या पेस्टबद्दलचा पुरावा भक्कम नसल्याचे म्हटले होते. अनेकांना तिचा उपयोग होतो हे खरे, पण सर्वांना होईल असे नाही.

दुसरा गट नळ्या बुजवणारा. त्यात स्टॅनस फ्लोराइड (सहसा ०.४५४ टक्के), कॅल्शियम कार्बोनेटसह ८ टक्के आर्जिनिन, कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट आणि स्ट्रॉन्शियमचे क्षार ही नावे दिसतात. हे घटक नळ्यांच्या तोंडावर खनिजाचा थर बसवतात. आर्जिनिनची किंवा स्ट्रॉन्शियमची पेस्ट बोटाने थेट दुखऱ्या जागी मिनिटभर चोळण्याची सूचना खोक्यावर असते ती यासाठीच. या गटाचा शत्रू म्हणजे आम्ल. लिंबू सरबत, कोकम किंवा कोला प्यायल्यावर बसलेला थर विरघळू लागतो, दाताचा पृष्ठभागही काही काळ मऊ पडतो आणि त्याच वेळी ब्रश फिरवला तर दोन्ही निघून जातात. आंबट खाण्या-पिण्यानंतर निदान अर्धा तास ब्रश हाती घेऊ नये, ही सूचना म्हणूनच महागड्या पेस्टपेक्षा अधिक उपयोगाची ठरू शकते.

स्टॅनस फ्लोराइडचे वैशिष्ट्य असे की ते नळ्या बुजवते आणि जिवाणूंचीही वाढ रोखते, त्यामुळे दात आणि हिरड्या दोन्हींची तक्रार असणाऱ्यासाठी ते सोयीचे. काहींना त्याने दातांवर तपकिरी डाग पडल्यासारखे दिसतात. ते वरवरचे असतात आणि दवाखान्यात साफ होतात.

खोक्याची मागची बाजू कशी वाचायची?

आपल्या बँक कर्मचाऱ्यापुढे दुकानदाराने तीन खोकी ठेवली आहेत. पहिल्यावर मोठ्या अक्षरांत ‘सेन्सिटिव्ह’ आणि मागे घटकांचे प्रमाण टक्क्यांत दिले आहे. पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७ टक्के. दुसऱ्यावर ‘सेन्सिटिव्ह’ तर आहेच, शिवाय लवंग, बाभूळ, कडुनिंब यांची चित्रे. मागे वनस्पतींची लांब यादी आहे, पण वर सांगितलेल्या दोन गटांतला एकही घटक नाही. तिसऱ्यावर ‘व्हाइटनिंग’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘संवेदनशील दातांसाठीही’. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच हायड्रेटेड सिलिका आणि शेवटाकडे कुठेतरी पोटॅशियमचा क्षार, प्रमाण दिलेले नाही.

यातले पहिले खोके निवडण्याजोगे आहे आणि त्यामागे सरळ कारण आहे. काय आहे आणि किती आहे, हे दोन्ही त्याने सांगितले आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या भारतीय नियमांनुसार एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यायचे असतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने दिले तरी चालते. त्यामुळे परिणामकारक घटक शेवटच्या ओळींत हरवलेला असेल तर त्याचे प्रमाण पाच टक्के असण्याची शक्यता फारशी नाही. दुसऱ्या खोक्यातली लवंग वाईट नव्हे. लवंगेच्या तेलातले युजेनॉल जागा बधिर करते हे आजीबाईंनाही ठाऊक होते. पण ते तेवढ्यापुरतेच, नळ्या त्याने बुजत नाहीत.

पहिल्या खोक्यातला दुसरा आकडाही वाचण्याजोगा आहे. मुळाचा उघडा भाग लवकर किडतो, म्हणून हिरड्या सरकलेल्या माणसाच्या पेस्टमध्ये फ्लोराइड हवेच. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, अशी आहे आणि हा आकडा ट्यूबवर व खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. तो न सापडल्यास टक्क्यांवरून अंदाज करता येतो. सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेटच्या वजनात फ्लोराइड सुमारे १३ टक्के असते. म्हणजे ०.७ टक्क्यांत साधारण ९२० पीपीएम. प्रौढासाठी हे योग्यच. काही ‘सेन्सिटिव्ह’ पेस्टमध्ये मात्र पोटॅशियम नायट्रेट असते आणि फ्लोराइड नसते. एकच पेस्ट महिनोन्महिने वापरायची असेल तर हा फरक मोठा आहे.

तिसऱ्या खोक्यातला प्रश्न खरखरीतपणाचा. प्रत्येक पेस्टमध्ये घासणारी पूड असते, मग ती खडूची म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची असो वा सिलिकाची. तिच्याविना डाग निघत नाहीत. ती डेंटिनला किती झिजवते हे मोजण्याचे ‘आरडीए’ नावाचे एकक आहे आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याची वरची मर्यादा २५० आहे. दुर्दैवाने आपल्याकडच्या खोक्यांवर हा आकडा सहसा सापडत नाही. त्यामुळे ठोकताळा वापरावा लागतो. दात पांढरे करण्याचा, डाग घालवण्याचा दावा करणारी, कोळशाची किंवा मिठाचे कण असलेली पेस्ट संवेदनशील दातांनी टाळावी. तीच गोष्ट लाल दंतमंजनाची आणि राखेची. हाडाहूनही कठीण एनॅमल हे सगळे बराच काळ सोसते, मुळावरचे डेंटिन सोसत नाही. (ट्यूबच्या तळाशी असलेल्या हिरव्या, काळ्या, निळ्या पट्टीवरून पेस्ट नैसर्गिक की रासायनिक हे कळते, असा निरोप व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. ती पट्टी ट्यूब कुठे कापायची हे यंत्राला दाखवणारी खूण असते, तिचा घटकांशी काही संबंध नाही.)

ब्रश ‘सॉफ्ट’ आहे हे कसे ओळखायचे?

मानेशी पडलेली खाच प्रामुख्याने पेस्टमधल्या पुडीने कोरलेली असते, ब्रश ती पूड नेऊन दाबतो. हिरडीला होणारी इजा मात्र थेट ब्रशच्या केसांची. त्यामुळे नुसती पेस्ट बदलून हातात तोच ‘हार्ड’ ब्रश ठेवला तर अर्धेच काम होते.

नायलॉनच्या केसाचा ताठपणा त्याच्या जाडीवर विलक्षण अवलंबून असतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ०.१५ मिलिमीटरऐवजी ०.२ मिलिमीटर जाडीचा केस घेतला तर डोळ्यांना फरक कळतही नाही, पण तेवढ्याच लांबीच्या केसाचा ताठपणा तिपटीहून अधिक होतो. अमेरिकी वैद्य चार्ल्स बास यांनी १९४८ मध्ये आदर्श ब्रशसाठी इंचाचे सात सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर जाडी आणि गोलसर केलेली टोके सुचवली होती. तेव्हापासून मऊ ब्रशची कल्पना साधारण याच आसपास फिरते आहे. ‘सॉफ्ट’, ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’, ‘अल्ट्रा सॉफ्ट’ ही नावे मात्र प्रत्येक कंपनीची आपापली. एकीचा ‘सॉफ्ट’ दुसरीच्या ‘मीडियम’इतका ताठ लागू शकतो. खोक्यावर जाडी दिली असेल तर ती पाहावी. नाहीतर घरी आणल्यावर ओल्या ब्रशने नखाच्या मुळाशी असलेली कातडी घासून पाहावी. तिथे टोचले तर हिरडीलाही टोचणार.

जाडीइतकेच टोकाला महत्त्व आहे. कापलेला केस तसाच सोडला तर त्याची कडा धारदार राहते. चांगल्या ब्रशवर ‘एंड राउंडेड’ म्हणजे टोके गोल केल्याचा उल्लेख असतो. फार स्वस्त ब्रशमध्ये तो बहुधा नसतो. अलीकडे टोकाकडे सुईसारखे निमुळते होणारे केस मिळतात. ते दात आणि हिरडीच्या फटीत आणि दोन दातांच्या मधे अधिक सहज शिरतात, म्हणून हिरड्या सुजलेल्या माणसाला ते सुसह्य वाटतात. पण त्यांची टोके लवकर फाकतात. केस बाहेर वळू लागले की ब्रश बदलायचा, तीन महिने झाले असोत वा नसोत. नवा ब्रश महिन्याभरातच फाकत असेल तर दोष ब्रशचा नसून हाताचा आहे, आणि ही खूण कोणत्याही खोक्यावरच्या मजकुरापेक्षा अधिक बोलकी आहे. ज्यांचा हात आवरतच नाही त्यांच्यासाठी जोर वाढताच दिवा लावणारा विजेवरचा ब्रश उपयोगी पडतो. तो घेणे मात्र गरजेचेच आहे असे नाही.

हिरड्यांसाठी ‘गम केअर’ पेस्ट हवी का?

हिरडीतून रक्त येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हिरडीच्या कडेला साचलेला जिवाणूंचा मऊ थर. डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे हॅराल्ड लो यांनी १९६५ मध्ये हे फार सोप्या प्रयोगाने दाखवले. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्णपणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर आठवडाभरातच सूज उतरली. थर गेला, सूज गेली. रक्त दिसते म्हणून त्या जागी ब्रश न फिरवणारा आपला बँक कर्मचारी नेमके उलटे करतो आहे. थर तसाच राहतो, सूज वाढते, रक्त अधिक येते.

म्हणून हिरड्यांसाठी पेस्टपेक्षा ब्रश कुठे पोहोचतो हे मोलाचे. मऊ ब्रश दात आणि हिरडीच्या सीमेवर तिरका टेकवून, जागच्या जागी हलका थरथरवत दोन-दोन दात पुढे जायचे. आडवे करवतीसारखे घासायचे नाही. दातांमध्ये फटी पडल्या असतील तर त्यांत मावेल तेवढाच छोटा गोल ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश, रोज एकदा फिरवायचा. नुसता टूथब्रश त्या फटीत पोहोचत नाही. पहिले काही दिवस रक्त येईल. ते दहा-पंधरा दिवसांत कमी होत गेले पाहिजे.

पेस्टने यात भर घालता येते. घटकांत स्टॅनस फ्लोराइड किंवा जस्ताचे क्षार (झिंक सायट्रेट, झिंक ऑक्साइड) पाहावेत, ते थर वाढण्याचा वेग कमी करतात. ट्रायक्लोसान हा एके काळी या कामासाठी वापरला जाणारा घटक आता मोठ्या उत्पादकांनी बराचसा मागे घेतला आहे. नुसत्या वनस्पतींच्या नावांवर ‘गम केअर’ लिहिलेल्या पेस्टने नुकसान नाही, फायदा झाला तर तो घासण्याचा. क्लोरहेक्सिडीनची गुळणी परिणामकारक असली तरी ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतीच घ्यायची. दीर्घ वापराने दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट हा पेस्टमधला घटक तिचा परिणाम घटवतो, म्हणून ब्रश आणि गुळणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

महाराष्ट्रात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती मिश्रीची. तंबाखू भाजून केलेली ही पूड अजूनही अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात घासण्यासाठी वापरली जाते. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरी भाजलेल्या मिश्रीला खोकेच नसते. तिची फसवणूक दुहेरी आहे. ती हिरडीवरच रगडली जाते, त्यामुळे हिरडी सरकते आणि मुळे उघडी पडतात. शिवाय निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून आजार वाढत असतानाही रक्त कमी दिसू शकते. ‘मिश्री लावली की रक्त थांबतं’ हा अनुभव खोटा नसतो, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यालाही हेच लागू.

पेस्टने भागत नाही हे केव्हा समजावे?

नाशिकच्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत निर्णय असा होतो. मऊ, गोल टोकांचा ब्रश. पांढरे करणारी पेस्ट बंद. त्याजागी ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड असलेली किंवा स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण लगेच पाण्याने खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर औषधी घटक बेसिनमध्ये जातो. त्याला दोन्ही तक्रारी असल्याने स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट मिळाल्यास ती अधिक बरी. खालच्या दातांमागचे किटण मात्र यातल्या कशानेही जाणार नाही. थर एकदा कठीण झाला की तो दवाखान्यातच काढावा लागतो. त्यानंतर काही दिवस दात जास्त सणकतात, दोन दातांत फट जाणवते आणि ‘साफ केल्याने दात हलले’ असे बोलले जाते. प्रत्यक्षात ती फट किटणाने भरलेली होती आणि सुजलेली हिरडी ओसरल्याने मूळ थोडे अधिक दिसू लागलेले असते. संवेदनशील दातांची पेस्ट सर्वांत उपयोगी पडते ती याच आठवड्यांत.

अमेरिकेत अशा पेस्टच्या वेष्टनावर चार आठवड्यांहून अधिक काळ दंतवैद्याच्या सल्ल्याशिवाय वापरू नये आणि बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा असतो. कारण साधे आहे. सणक ही कीड, तडकलेला दात किंवा निखळलेले फिलिंग यांचीही पहिली खूण असते आणि पेस्टने ती दबली तर किडीला वाढायला सवड मिळते. थंड पाणी गिळल्यावरही कळ मिनिटभर रेंगाळत असेल, गरम चहाने ठणका लागत असेल, रात्री आपोआप दुखत असेल, चावताना एकाच दातात कळ येत असेल, तर पेस्टचे चार आठवडेही वाट पाहू नये. हिरडीतून पू येणे, दात हलू लागणे किंवा नीट घासूनही दोन आठवड्यांनंतर रक्त तितकेच येणे, हे त्याच यादीत. मधुमेह असलेल्यांनी दोन आठवडेही थांबू नये, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असलेल्यांनी त्या गोळ्यांचे नाव दंतवैद्याला आधी सांगावे.